बुर्जाची मनगटं

अजायब सिंगची उंची पाच फूट एक इंच, तीही पगडीसकट. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावात कुणीही त्याच्याबद्दल बोलायला लागलं की सुरुवात तिथूनच करायचं. लुधियानाहून मोग्याकडे जाणाऱ्या त्या पट्ट्यात माणूस जन्मतो तोच मुळी सहा फुटाच्या अपेक्षेनं. अजायबचा बापू सहा फूट दोन, थोरला भाऊ दरबारा सहा फूट तीन, आणि हा असा. बापू पाहुण्यांसमोर म्हणायचा, "थोरल्यानं हंडी चाटून पुसून खाल्ली, धाकट्याला खरवड मिळाली." पाहुणे हसायचे. खरवडही हसायची. करणार काय!

पण बापू नुसता हसून गप्प बसणारा नव्हता. त्यानं उपाय सुरू केला. अजायबला सकाळी तांब्याभर दूध, त्यात तुपाचा गोळा, आणि मग अंगणातल्या शिसवीच्या फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळायचं. बापू खाली खाटेवर बसून मोजायचा. एकदा तर मोजून मोजून कंटाळला आणि उठून पोराचे दोन्ही पाय धरून खाली ओढले. डाव्या खांद्यात कटकन आवाज झाला. पोरगं किंचाळलं तेव्हा बापू शांतपणे म्हणाला, "नाटकं करतोय. लोंबू दे."

तेव्हापासून अजायबचा डावा हात कानाच्या वर जात नाही. पगडी बांधताना बायको छिंदो रोज मागं उभी राहून एकेक वेढा वर चढवून देते. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तिनं कधी त्यावर अवाक्षर काढलं नाही. उंचीवरून तर नाहीच नाही. सगळ्या गावात तेवढं एकच तोंड होतं, ज्यातून अजायबनं 'उंची' हा शब्द ऐकला नव्हता.

अशा माणसाला कुत्र्यांचा नाद लागला, आणि तोही उंच कुत्र्यांचा, यात नवल काय? त्या मुलखात बुल्ली कुत्र्याचा शौक जुना. वासराएवढं जनावर, गळ्यात रुंद पट्टा, मालक मिशीवर ताव देत मागं. शौकीन लोक पिल्लू विकत घेताना तोंड बघत नाहीत, शेपूट बघत नाहीत. पुढचा पाय उचलतात आणि मनगट चाचपतात. मनगट जितकं जाड, गाठ जितकी मोठी, तितका कुत्रा उंच जाणार, हा तिथला वेद. आणि त्या वेदाचा पंडित अजायब. लांबलांबून माणसं पिल्लं काखेत मारून त्याच्या अंगणात यायची. हा खाटेवर बसून डोळे मिटायचा, अंगठ्यानं मनगट दाबायचा आणि निकाल द्यायचा. "हाडात दम नाही. ह्याच्यावर पीठ वाया घालवू नकोस, कुणाच्या तरी दाराशी बांध." सहा फुटी माणसं मान खाली घालून निघून जायची. तेवढ्यापुरता अजायबचा जीव सुखावायचा.

त्याच्या स्वतःच्या अंगणात मात्र लंगडा कुत्रा कधी कुणी पाहिला नाही. लोकांना त्याचं मोठं कौतुक. पण लंगडे कुठं जातात हे छिंदोला ठाऊक होतं. नवरा मोटारसायकलच्या मागं गाडा जोडायचा, कुत्रा त्यात बसायचा, कालव्याच्या पुलापलीकडे गाडा रिकामा व्हायचा. कुत्री काही अंतर मागं धावायची आणि मग दमायची. वर्षाआड एखादा तरी जायचाच. अजायब म्हणायचा, रक्तच खराब होतं. प्रत्येक वेळी रक्तच कसं खराब निघायचं, हे विचारायची छाती कुणाला नव्हती.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता रायकोटच्या एका नामांकित कुत्रीला पिल्लं झाली आणि अजायबनं त्यातला सगळ्यात दणकट पांढरा नर उचलला. नाव ठेवलं बुर्ज. त्याच आठवड्यात दरबाराही गेला आणि त्याच वेतातला काळा नर घेऊन आला. दरबाराला कुत्र्यात काडीचा रस नव्हता. धाकट्याला काहीतरी मिळतंय म्हटल्यावर आपल्याकडेही ते असावं, एवढाच त्याचा शौक.

"छोट्या," भिंतीवरून वाकून दरबारा म्हणाला. दोघांच्या अंगणांत एक भिंत, अजायबला तिच्यावरून पलीकडलं दिसत नाही आणि दरबाराला सगळं दिसतं. "वैशाखीच्या आधी मेळा आहे. एक वर्षाच्या आतल्या कुत्र्यांच्या उंचीची चुरस लागते. लावू या आपली दोन्ही?"

"तुझं लावून काय करतोस? हाड बघितलंस का त्याचं? काडी आहे काडी."

"काडी तर काडी. निदान भिंतीवरून दिसेल तरी!"

झालं. त्या एका वाक्यानं अजायबच्या आयुष्यात एकच गोष्ट उरली. मेळ्यातल्या लाकडी मापाच्या आडव्या पट्टीखाली बुर्ज उभा राहणार, पट्टी दरबाराच्या कुत्र्यापेक्षा वर सरकणार, आणि सगळा मुलूख ते बघणार. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एकदा, फक्त एकदा, भावापेक्षा उंच व्हायचं होतं.

मग सुरू झालं खाणं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बाजारात कोरडं खाणं मिळतं, त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, मापात घातलेलं असतं. ते होतंच. त्याच्यावर म्हशीचं दूध, उकडलेली अंडी, बकऱ्याच्या पायांचा रस्सा, हाडांची पूड, आणि प्रत्येक वेळी कॅल्शियमचं पांढरं गोड औषध, बाटली उपडी करून, अंदाजपंचे. बुर्जाचं पितळी भांडं मोठं होतं, परातच म्हणा ना. पिल्लानं तोंड फिरवलं तर अजायब बोटानं भरवायचा. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि बरगडी शोधून सापडायची नाही.

भिंतीपलीकडे दरबाराच्या काल्याला पिशवीवर लिहिलंय तेवढंच माप मिळायचं. दरबारा काही प्राणिप्रेमी नव्हे. "मी काय त्याच्या तोंडाशी चमचा घेऊन बसू?" म्हणायचा. आळस आणि कंजूषपणा, दुसरं काही नाही. पण कधी कधी आळशाच्या दारात देव आपण होऊन येतो, आणि राबणाऱ्याच्या दारावरून पुढं जातो. काल्या हडकुळा, सावकाश वाढणारा, दिवसभर शेताच्या बांधावर उनाडणारा. हात फिरवला की बरगड्या लागायच्या. लोक त्याला बकरा म्हणायचे.

आणि बुर्ज? बुर्ज वाढला म्हणजे काय वाढला! थंडी सुरू होईपर्यंत काल्या त्याच्या पोटाखालून जाईलसं वाटायचं. आणि मनगटं तर बघत राहावीत. दोन्ही पुढच्या पायांवर लिंबाएवढ्या गाठी. शौकीन मंडळी खास ती गाठ चाचपायला यायची. "अजायबा, हाड नाही हे, खांब आहे खांब!" अजायब चहा मागवायचा. छिंदो चहा आणायची आणि बघायची, की गाठ दाबली की पिल्लू पाय मागं घेतं.

"सरदारजी, दुखतंय त्याला," ती एकदा म्हणाली.

"वाढताना दुखतंच," अजायब म्हणाला. हे वाक्य त्याला कुणी शिकवलं होतं ते त्याला आठवलं नाही.

कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी बुर्ज उठलाच नाही. अंग तापलेलं, गाठी गरम. उभा केला तर पुढचे पाय मनगटापासून बाहेर फाकलेले, पाठ कमानीसारखी, आणि लगेच खाली बसला. छिंदोनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं न ऐकता शेजारच्या पोराला गाडी काढायला लावली. निमूटपणे अजायबही चढला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात परनीत नावाची तरुण डॉक्टर होती. तिनं पाय बघितले, पोट बघितलं, मग विचारलं, "काय काय देता?"

अजायबनं अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टरचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बाबाजी, तुम्ही ह्याला मारताय."

"मी? लोण्यात वाढवलाय!"

"तेच तर. ऐका नीट. वाढ पुरी झालेल्या जनावराच्या आतड्याला नको असलेला चुना अडवता येतो. एवढ्या लहान पिल्लाला ते जमत नाही. जितका घालाल तितका अंगात शिरतो. आणि हाड कसं बनतं? आधी कूर्चा असते, नाकाच्या शेंड्यासारखी मऊ. तिचं हळूहळू हाड व्हायचं असतं. चुना फार झाला की ते होणंच अडतं. कूर्चा जाडच्या जाड राहते, तिला आतून पोसायला काही पोचत नाही, ती मरते, चिरते. ही गाठ जाड हाडाची नाही. वाढ जिथं व्हायची तिथं सगळं सुजून अडकून बसलंय. पायात दोन हाडं असतात, एक वाढतंय, एक थांबलंय, म्हणून पाय वाकडा. आणि वरून तुम्ही ह्याला इतकं खायला घातलंय की त्या कच्च्या सांध्यांवर पोत्याचं वजन आलंय."

"पण उंची..."

"उंची आईबापाकडून येते. पोटभर चारलं तर लवकर येते, मापात चारलं तर उशिरा येते. येते तेवढीच. आजपासून औषध बंद, दूध बंद, हाडांची पूड बंद. कोरडं खाणं, तेही मोजून. बरगडी हाताला लागली पाहिजे. उड्या नाहीत, पळणं नाही. अजून पिल्लू आहे, बरंचसं सावरेल. मेळा विसरा."

छिंदो प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. अजायबला एकच शब्द ऐकू आला, तो म्हणजे विसरा.

घरी आल्यावर त्यानं बाटली फडताळात टाकली. चार दिवस खरंच औषध दिलं नाही, दूध दिलं नाही. बुर्जाचा ताप उतरला. पाचव्या दिवशी भिंतीवरून दरबाराचं डोकं उगवलं. "काय रे छोट्या, खांब कलला म्हणे? चुना कमी पडला असेल!" आणि खो खो हसला.

चुना कमी पडला! गावात ज्याला त्याला हेच वाटत होतं. पाय वाकला म्हणजे हाड कच्चं, हाड कच्चं म्हणजे चुना कमी, इतकं साधं. ती कालची पोरगी पुस्तक वाचून काहीबाही सांगणार, आणि तीस वर्षं मनगटं चाचपलेला माणूस ऐकून घेणार? अजायबनं गावातल्या भोला कंपाउंडरला बोलावलं. भोलानं वाकडे पाय बघून जिभेनं च्च् च्च् केलं, "फार उशीर केलात सरदारजी," म्हणाला आणि कॅल्शियमचं इंजेक्शन भरलं. ते एकच नाही, आठवड्याला दोन. बाटलीही परत सुरू, आधीच्या दुप्पट. छिंदो आडवी आली तर अजायबनं तिला ढकललं नाही, नुसतं म्हणाला, "तुला बाईला काय कळतं हाडातलं?" ती बाजूला झाली. बाजूला झाली याचं तिला पुढं फार वाईट वाटायचं होतं.

बुर्ज वाढतच होता, हे खरं. मेळ्यापर्यंत तो दाराच्या कडीला लागायला आला. पण चालताना खांदे आखडून, लहान लहान पावलं टाकत, काचेवरून चालल्यासारखा. अंगणात पडून राहायचा. छिंदो कपडे वाळत घालायला निघाली की शेपटी आपटायचा, उठायचा नाही. एवढ्या प्रचंड देहात सात-आठ महिन्यांचं लेकरू आहे हे फक्त तिलाच आठवत होतं.

मेळ्याच्या सकाळी भोलानं दुखणं मारायचं इंजेक्शन टोचलं. "दोन तास घोड्यासारखा चालेल," म्हणाला. छिंदोनं नवऱ्याच्या पगडीचे वेढे चढवून दिले, गुलाबी पगडी, लग्नात घालायची. दरबारा हडकुळ्या काल्याला नुसत्या दोरीनं ओढत आला होता. लोक हसत होते, "बकरा आला, बकरा आला!"

उंचीच्या मापाखाली आधी काल्या उभा राहिला. पट्टी खाली आली, पंचानं आकडा पुकारला, कुणी टाळीही वाजवली नाही. मग बुर्ज. पट्टी त्याच्या खांद्यावर टेकली आणि पंच दोनदा वाकून बघू लागला. काल्यापेक्षा चार इंच वर! मैदानात असा गलका उठला की ढोलवाल्यानं आपण होऊन ढोल वाजवायला सुरुवात केली. अजायबनं भावाकडे बघितलं. दरबाराचं तोंड खरंच उतरलं होतं. आयुष्यभर ज्यासाठी तडफडला ते सुख अजायबला मिळालं, आणि ते किती वेळ टिकलं? ढोलाचा एक फेरा होईपर्यंत.

"आता रिंगणात एक चक्कर," पंच म्हणाला. "पळवत."

नियमच होता तो. उभं तर लाकूडही राहतं.

बुर्जानं अर्धं रिंगण कापलं. ढोलाला भिऊन त्यानं एकदम बाजूला उडी मारली आणि पुढच्या पायांवर आपटला. खांद्याकडून कटकन आवाज आला. तो किंचाळला, आणि एवढ्या मोठ्या कुत्र्यातून आवाज मात्र निघाला पिल्लाचा. पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

"ऊठ!" अजायबनं पट्टा ओढला. "ऊठ म्हणतो ना! नाटकं करतोय."

बुर्जानं उठायचा प्रयत्न केला. शहाणं लेकरू ते, बोलावलं की यायचं एवढंच त्याला ठाऊक. उठला, पुढचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले, तोंडावर पडला. पुन्हा पट्टा ओढला गेला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. आता मात्र मैदान हसायला लागलं. माणसांचं असंच असतं. दुसऱ्यांदा पडलं की दया संपते.

"अजायबा, आडवा पाडून मोज, अजून उंच भरेल!" कुणीतरी ओरडलं.

आणि दरबारा, ज्याचं तोंड आता पुन्हा फुललं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "कुत्रा धन्यावर गेला, दुसरं काय! उंच केला तरी बुटकाच निघाला."

पंचांनी बक्षीस काल्याला दिलं. काल्या रिंगणभर रमतगमत पळाला आणि मध्येच थांबून पंचाच्या खुर्चीवर तंगडी वर केली. लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतलं. अजायबला बुर्जाला उचलायचं होतं, पण डावा हात वर होईना आणि एकट्या उजव्यानं ते धूड हलेना. तो वाकलेला, गुलाबी पगडी सुटून मातीत लोळणारी, असा तो बराच वेळ सगळ्यांना दिसत राहिला.

परनीत डॉक्टरनं खांद्यांचा एक्स-रे फोटो काढला आणि दिव्यासमोर धरला. आवाज चढवला नाही. "दोन्ही खांद्यांतल्या कूर्चेचा तुकडा सुटलाय. सांध्यात खड्यासारखा घासतोय. मनगटं वाकडी आहेत ती आता सरळ व्हायची नाहीत. लुधियानाच्या मोठ्या दवाखान्यात खांदे उघडून तुकडे काढता येतील, दुखणं कमी होईल. वजन उतरवलंत, जपलंत, तर अंगणात जगेल. पळणार नाही. पण जगेल."

"म्हणजे लंगडाच," अजायब म्हणाला.

"लंगडा. पण जिवंत," छिंदो म्हणाली. मग तिनं डॉक्टरसमोर नवऱ्याचा हात धरला, जे त्या गावात कुणी करत नाही. "सरदारजी, हा राहू द्या. माझ्यासाठी राहू द्या. मी बघीन त्याचं. पुन्हा काही मागणार नाही."

अजायबनं बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी छिंदो गुरुद्वाऱ्यात पोळ्या लाटायला गेली, तेवढ्यात त्यानं गाडा जोडला. लंगडा कुत्रा अंगणात दिसला की दरबारा रोज भिंतीवरून डोकं काढणार, आयुष्यभर काढणार. ते डोकं त्याला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि कुत्र्याचं जाणं सहन होण्यासारखं होतं. हिशोब एवढाच. फळी लावून, ढकलून, शिव्या देत त्यानं बुर्जाला गाड्यात चढवलं. बुर्जाला वाटलं फिरायला चाललो. त्यानं धन्याचा कान चाटला.

कालव्याच्या पुलापलीकडे अजायबनं त्याला उतरवलं आणि मोटारसायकल वळवली. आजवरचे सगळे मागं धावले होते. भुंकत, धुरळ्यातून, पार वळणापर्यंत. त्यांच्यावर खेकसता यायचं, दगड मारता यायचा. त्यामुळं सोपं जायचं. बुर्ज धावला नाही. तो जिथं ठेवला तिथंच, फाकलेल्या पायांवर बसून राहिला आणि शेपटी आपटत राहिला, कारण त्याला वाटत होतं धनी परत येणार आहे. अजायबनं आरशात एकदा बघितलं, मग आरसा फिरवून ठेवला.

छिंदो परतली तेव्हा गाडा धुतलेला होता. तिनं ओट्यावरून मोटारसायकलची किल्ली घेतली, शेजारच्या पोराला बरोबर घेतलं आणि गेली. दुपार कलताना आली, बुर्जाशिवाय. कालव्याच्या काठी, पाणी प्यायला म्हणून घसरत उतरला असावा अशी खूण होती, तिथला चिखल नखांनी उकरलेला होता आणि खाली नुसतं वाहतं पाणी होतं. उतार साधा होता. धड पायांचं कुठलंही जनावर चढून वर आलं असतं.

तिनं हातपाय धुतले. चूल पेटवली, दूध तापवलं. अजायब खाटेवर जेवणाची वाट बघत बसला होता. भिंतीवरून दरबाराचं डोकं अजून आलं नव्हतं. कुत्रा दिसत नाही म्हटल्यावर आता येणारही नव्हतं, याचं त्याला मनातून बरंच वाटत होतं.

छिंदो बाहेर आली. तिच्या हातात ताट नव्हतं. बुर्जाची पितळी परात होती, काठोकाठ दूध भरलेली, आणि दुसऱ्या हातात ती औषधाची बाटली. तिनं परात नवऱ्यासमोर जमिनीवर ठेवली. बाटली उपडी केली, शेवटचा पांढरा थेंब गळेपर्यंत धरली.

"प्या," ती म्हणाली. "उंची वाढेल."

तीस वर्षांत तिनं पहिल्यांदा तो शब्द उच्चारला होता. पलीकडे काल्या भुंकत होता. अजायबनं परातीकडे बघितलं, मग बायकोकडे. ती वाट बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशासमोर पगडी घेऊन उभा राहिला, तेव्हा मागं कुणी आलं नाही.